कडूबाईची केस

संगमनेरच्या बाहेर, नाशिक-पुणे रस्त्यापासून जरा आत एक डेंटल कॉलेज आहे. तिथल्या मुलींच्या मेसमध्ये कडूबाई भाकऱ्या थापते. गाव तिसगाव, पाथर्डी तालुका. नवरा सहादेव गावाकडे शेरडं राखतो. दोघांनी आयुष्याची पंधरा वर्षं ऊसतोडीत घालवली, मग कडूबाईची कंबर धरली आणि ती कोयता ठेवून परातीपाशी बसली. सकाळी दीडशे, संध्याकाळी दीडशे भाकऱ्या. तिच्याविषयी सांगण्यासारखं एवढंच असतं, तर कुणी सांगायला बसलंच नसतं. पण कडूबाईची त्या कॉलेजात आणखी एक ओळख होती, आणि ती तिच्या तोंडात होती.

सहा वर्षांपूर्वी शेवटच्या वर्षाची एक मुलगी ताट घेऊन उभी होती. कडूबाई कशाला तरी मोकळेपणी हसली आणि त्या मुलीचं ताट हातातच राहिलं. "मावशी, तोंड उघडा बरं. जीभ वर करा." कडूबाईने केली. खालच्या पुढच्या दातांच्या मागे, जिभेच्या बाजूने, पिवळट दगडाची अख्खी भिंत उभी होती. राखुंडीने बोट फिरवून घासलेले दात ते, मागच्या बाजूला बोट कधी पोचलंच नव्हतं. मुलगी हरखून म्हणाली, "अहो, एवढं सुंदर कॅल्क्युलस! कुठे होतात इतके दिवस?"

आता यात सुंदर काय ते देव जाणे. पण दातांच्या डॉक्टरकीच्या परीक्षेत प्रत्येकाला एक पेशंट स्वतः पैदा करून आणावा लागतो. हिरड्यांच्या विषयाच्या प्रात्यक्षिकाला तर ज्याच्या तोंडात दाखवण्यासारखं काही आहे आणि जो सकाळी नऊला नक्की येऊन बसेल, असाच माणूस लागतो. पेशंट मिळवायला मुलं एसटी स्टँडवर, दूध डेअरीच्या रांगेत, भाजी बाजारात लोकांच्या तोंडात डोकावत हिंडतात. कुणी कबूल होतं आणि ऐन दिवशी फोन बंद करून बसतं. अशा वेळी मेसमध्येच हक्काची केस सापडली म्हणजे घबाडच. तेव्हापासून दर परीक्षेला कडूबाई एका मुलीसाठी खुर्चीत बसू लागली. तिची केस घेतलेली पोरगी नापास झाली असं सहा वर्षांत एकदाही घडलं नाही, आणि याचा कडूबाईला भाकऱ्यांपेक्षा जास्त अभिमान होता.

अट एकच. दात साफ करायचे नाहीत. हिरड्यांच्या विभागातल्या एका डॉक्टर बाईंनी दोनदा सांगितलं, "कडूबाई, या ना एक दिवस, फुकट करून देते." पण मुलींनी हात जोडले, "मावशी, परीक्षा झाल्यावर!" परीक्षा झाली की पुढची तुकडी हात जोडायला हजर. एक ना एक परीक्षा नेहमी पुढे असायचीच.

सहा वर्षं खुर्चीत आडवी पडून कडूबाईच्या कानावर तेच प्रश्न पडले, आणि कान काही बंद ठेवता येत नाहीत. हळूहळू तिला सगळं पाठ झालं. परीक्षक विचारायचे, प्लाक म्हणजे काय? जंतूंचा चिकट, मऊ थर. चूळ भरून जात नाही, ब्रशने निघतो. कॅल्क्युलस म्हणजे? तोच थर लाळेतल्या क्षारांनी दगड झालेला. तो ब्रशला दाद देत नाही, हत्यारानेच काढावा लागतो. खालच्या पुढच्या दातांमागे जास्त का? लाळेच्या नळ्या तिथे उघडतात म्हणून. मग परीक्षक डोळे बारीक करून विचारायचे, "रोगाचं कारण कोण, प्लाक की कॅल्क्युलस?" निम्म्या पोरी इथे घसरायच्या. कडूबाई मनात म्हणायची, प्लाक गं बाई, दगड नुसता त्याला बसायला खडबडीत जागा देतो.

आणि शेवटी तो मोठा प्रश्न. हे जिंजिव्हायटीस की पेरिओडोन्टायटीस? हिरडी लाल, सुजलेली, खोली मोजायची बारीक सळई लावली की रक्त, पण रोग हिरडीपुरताच, दाताला धरून ठेवणारा आतला बंध शाबूत, एक्स-रेमध्ये हाड जागच्या जागी, तर जिंजिव्हायटीस. साफ केलं की हिरडी पुन्हा पहिल्यासारखी होते. बंध सुटला, हाड खाली गेलं, हिरडी उतरली, दात हलायला लागला, तर पेरिओडोन्टायटीस. तो आहे तिथे थोपवता येतो, पण गेलेलं हाड काही परत येत नाही. कडूबाईच्या कागदावर दर वर्षी जिंजिव्हायटीस लिहिलं जायचं. पहिल्या मुलीने काढलेला एक्स-रे आणि सळई किती मिलिमीटर आत गेली त्याचे तिने लिहिलेले आकडे, दोन, तीन, दोन, तीन, हे तिच्या नोट्सच्या वहीबरोबर एका तुकडीकडून दुसरीकडे वारशाने जात होते. पाठ करायला सोपी केस म्हणून तिची ख्याती होती.

गेल्या दिवाळीला कडूबाई गावी गेली. सहादेवने पेरू चिरून न देता अख्खाच हातात दिला. तिने पुढच्या दातांनी तोडला, आणि खालचा एक दात तिला जागचा सरकल्यासारखा वाटला. जिभेने ढकलला. हलला. शेजारचाही थोडासा. सहादेव शेरडाच्या गळ्यातली दोरी सोडत होता. त्याने विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काय न्हाई, बी आलं दाताखाली."

दुसऱ्या कुणाचा दात हलला असता तर त्याने लवंग धरली असती आणि कामाला लागला असता. कडूबाईला ती सोय नव्हती. दात हलतो म्हणजे काय, हे तिने सहा परीक्षकांच्या तोंडून ऐकलं होतं. हाड गेलं, आणि ते परत येत नाही. एसटीत तिसगावपासून नगरपर्यंत ती जिभेने त्या दाताला चाचपत राहिली. पंचेचाळिशीत दात जाणार, याचं दुःख होतंच. पण त्याहून जास्त तिला वाटलं की आपण आता पोरींच्या काय कामाच्या?

आणि नेमकी त्याच वर्षी निकिता तिची केस मागायला आली.

निकिता नगरच्या सावेडीची. वडिलांचं वह्या-पुस्तकांचं दुकान. ती या एका विषयात दोनदा नापास झाली होती. पहिल्या वेळी तिच्यापुढे पंधरा वर्षांची मुलगी होती. हिरड्या टम्म फुगलेल्या, सळई पाच मिलिमीटर आत गेली. निकिताने पाच बघून थेट पेरिओडोन्टायटीस लिहिलं. परीक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, "हिरडी सुजून दातावर चढली म्हणून खोली वाढली. आतला बंध कुठे सुटलाय? किती खोल ते नंतर, आधी कुठून मोजलंस ते सांग!" तिला सांगता आलं नाही. दुसऱ्या वेळी पेशंटच आला नाही. आता तिसरी खेप. तिच्याबरोबरच्या मुली दवाखान्यांत लागल्या होत्या. वडिलांनी हौसेने आधीच करून घेतलेली 'डॉ. निकिता' अशी पितळी पाटी तिच्या कॉटखाली वर्तमानपत्रात गुंडाळून पडली होती. तिने ती एकदा कडूबाईला दाखवली आणि घाईने पुन्हा गुंडाळून ठेवली.

"मावशी, तुमची केस मला झोपेतही येते," ती म्हणाली. "पेरिओडोन्टायटीस हा शब्द मी आता तोंडातून काढणार नाही. या वेळी गेलं ना, तर मी सावेडीला परत जाणार नाही. कुठे जाईन ते मलाही माहीत नाही."

पोरगी जेवत नव्हती. ताटात वरणभात कालवून ठेवायची आणि तसाच टाकायची. डोळ्यांखाली काळं झालं होतं. कडूबाई तिच्याकडे बघायची आणि जीभ दाताकडे जायची. सांगावं तर ही केस सोडणार. तीन दिवसांवर परीक्षा, दुसरा पेशंट आणणार कुठून? न सांगावं तर ही चुकीचं लिहिणार आणि पुन्हा आपटणार. सांगितलं तरी पोरगी मरते, नाही सांगितलं तरी मरते. परातीत पीठ मळता मळता कडूबाईला रडू फुटलं, तेव्हा शेजारी कांदा चिरणारी भीमा म्हणाली, "कांदा मी चिरतीय आन् रडतीस तू?"

परीक्षेच्या आदल्या दुपारी ती धीर करून निकिताच्या खोलीशी गेली. दार अर्धवट उघडं होतं. निकिता फोनवर बोलत होती, "हो पप्पा, सोपी केस आहे. हो, या वेळी नक्की." कडूबाई आल्या पावली परत फिरली. मनाशी म्हणाली, उद्या ती हलवून बघंलच की. तोंडात बघायच्या दोन आरशांच्या दांड्यांची बोथट टोकं दाताच्या पुढून-मागून लावून हलवून बघतात, प्रत्येक पोरीने बघितलंय. तिला तिथेच कळेल. मी कशाला पुढे होऊन सांगू? स्वतःची अशी समजूत घालून ती भाकऱ्यांना बसली, आणि त्या संध्याकाळी तिच्या हातून अकरा भाकऱ्या करपल्या.

सकाळी नऊला कडूबाई धुतलेलं लुगडं नेसून खुर्चीत आडवी झाली. हॉलमध्ये बारा खुर्च्या, बारा पेशंट, बारा घामेजलेली पोरं. बाहेरून आलेले परीक्षक पलीकडच्या टोकाला होते, पांढऱ्या केसांचे, हळू बोलणारे. निकिताने आरसा घातला, खुणांची बारीक सळई हिरडीत उतरवली. कडूबाईला ती सळई दगडावर टेकलेली कळली. टक्. तिथेच थांबली. निकिता पुटपुटली, "तीन." दर वर्षी सगळ्या तिथेच थांबल्या होत्या. "दोन. तीन." आकडे ती बघत नव्हतीच, म्हणत होती.

मग तिने आरसा ट्रेमध्ये ठेवला, पेन घेतलं आणि कागदावर खाली खाली लिहीत गेली. कडूबाई दोन दांड्यांची वाट बघत होती. दांड्या आल्याच नाहीत. तिरक्या नजरेने तिला दिसलं की दात हलतात का, या रकान्यात निकिताने न बघताच 'नाही' लिहिलं. पाठ असलेल्या केसमध्ये बघायचं काय!

 पेशंटने विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा नियम तिने सहा वर्षं पाळला होता.

"निकिता," ती हळूच म्हणाली, "दोन दांड्यांनी हलवून बघायचं ऱ्हायलं."

"मावशी, गप्प बसा ना. प्लीज."

"हलवून बघ."

"तुमचे दात हलत नाहीत. वहीत आहे."

कडूबाईने तिचं मनगट धरलं, हातमोज्यातलं तिचं बोट स्वतःच्या खालच्या दातावर नेऊन ठेवलं आणि दाबलं. दात हलला. निकिताने बोट झटकन मागे घेतलं.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि तुम्ही मला आत्ता सांगताय?" तिचा आवाज चिरकला. पलीकडच्या खुर्चीवरच्या मुलाने मान वळवली. ती खाली वाकून दातओठ खात कुजबुजली, "मला आधी का नाही सांगितलंत? मी तुमच्याशी काय वाईट वागले होते?"

"तू केस सोडली असतीस. मग कुठून आनला असता मानूस?" कडूबाईच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. आडवं पडून रडलं की ते तसंच ओघळतं, पुसताही येत नाही. "माझं चुकलं. मला भ्या वाटलं गं. पन आता बघ. सळई दगडावर अडकतीय. सगळ्याच पोरी तितं थांबल्या. दगडाच्या बाजूनं घाल, खाली जाऊ दी."

निकिताने कागदाकडे बघितलं. तिने लिहिलेला कागद तयार होता, नीटनेटका, वहीतल्यासारखा. परीक्षकांनी वरवर बघितलं तर निभावूनही गेलं असतं. आणि खोडलं तर? पुन्हा तोच शब्द लिहायचा, ज्याने ती पहिल्यांदा बुडाली? भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं उरली होती.

"मला नाही जमणार," ती म्हणाली.

"माजं तोंड हाय ते," कडूबाई म्हणाली. "खरं काय ते लिव्ह तरी."

निकिताने सळई पुन्हा उचलली. या वेळी तिने ती तिरकी करून दगडाच्या कडेने, दाताच्या मुळाला टेकवत हळूहळू खाली नेली. सळई जात राहिली. चार, पाच, सहा. बाहेर काढताना भळकन रक्त आलं. मग तिने हिरडी मूळच्या जागेपासून किती उतरली आहे ते मोजलं. दोन. शेजारच्या दातालाही तेच. दोन दांड्या लावल्या, दात पुढेमागे मिलिमीटरहून जास्त हलला. आता ती आकडे म्हणत नव्हती, खरोखर बघत होती. तिने जिंजिव्हायटीसवर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, पेरिओडोन्टायटीस.

परीक्षक आले तेव्हा त्यांची नजर आधी त्या रेघेवरच पडली. "हे काय? घाबरून बदललंस की मोजून?"

"मोजून, सर. आधी माझी सळई कॅल्क्युलसवर अडकली होती. पॉकेटची खोली सहा, हिरडी उतरलेली दोन. म्हणजे आतला बंध आठ मिलिमीटर सुटलाय. नुसती सूज असती, तर हिरडी वर असती आणि बंध शाबूत असता."

"कुठून मोजलंस?"

"दाताचा मुकुट जिथे संपतो, त्या रेषेपासून."

त्यांनी स्वतः सळई घातली, दात हलवून बघितला आणि मान डोलावली. मग एक्स-रे उजेडासमोर धरला. "यात तर हाड जागेवर आहे. हा कधीचा?"

 निकिताने एक्स-रेकडे बघितलं.

"सहा वर्षांपूर्वीचा, सर. पहिल्या तुकडीचा. सगळ्या जणींनी हाच लावला."

"म्हणजे ही बाई सहा वर्षं या कॉलेजात आहे? दातांच्या कॉलेजात?" त्यांचा आवाज वाढला नाही, उलट आणखी खाली आला. "आणि कुणी हिचे दात साफ केले नाहीत?"

 कडूबाईच उठून बसली. "पोरींचा काय दोस न्हाई, सायेब. मीच ठिवलं हुतं. परीक्षेसाठी."

परीक्षकांनी तोंडावरचा मास्क खाली केला. मग निकिताला म्हणाले, "शेवटचा प्रश्न. सहा वर्षांपूर्वी, हा एक्स-रे काढला त्या दिवशी, हिला साफ केलं असतं आणि घासायला शिकवलं असतं, तर आज काय असतं?"

"काही नसतं, सर. हिरडी बरी झाली असती."

"आणि आता?"

निकिता तोंडावर हात धरून रडायला लागली. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या खुर्चीकडे गेले.

निकिता पास झाली. तिचे वडील सावेडीहून स्कूटरवर पेढे घेऊन आले आणि पहिला पेढा त्यांनी मेसमध्ये येऊन कडूबाईला दिला. तिने तो कडेच्या दातांनी खाल्ला. नव्या एक्स-रेमध्ये दोन दातांचं हाड जवळजवळ मुळाच्या टोकापर्यंत उतरलेलं निघालं. निकितानेच चार वेळा बसवून तो सगळा दगड काढला. कडूबाईला वाटलं होतं साफ झाल्यावर हलकं वाटेल, पण दातांमध्ये फटी दिसायला लागल्या, थंड पाणी झोंबायला लागलं, आणि ते दोन दात आधीपेक्षा जास्त डुलायला लागले. इतके दिवस तो दगडच त्यांना एकमेकांशी बांधून होता. उन्हाळ्याच्या तोंडाशी ते काढावे लागले. निकिता म्हणाली, "मावशी, बाकीचे मी जाऊ देणार नाही." कडूबाई म्हणाली, "बरं." आता ती भाकरी आमटीत कुस्करून खाते. तीनशे भाकऱ्या थापणाऱ्या बाईला एक भाकरी तोडून खाता येत नाही. हसताना तोंडावर पदर धरते, आणि तिला हे फार लागतं. उगीच नाही कशाला म्हणायचं.

जूनमध्ये नवी तुकडी आली. त्यातली धनश्री नावाची मुलगी ताट घेऊन उभी होती, भीमा तिला वाढता वाढता कशाला तरी हसली. धनश्रीचे डोळे चमकले. "भीमामावशी, जीभ वर करा बरं! अय्या, मस्त! हे साफबिफ करू नका हं, परीक्षेला मला..."

तव्यावर भाकरी होती. कडूबाईने ती उलटलीही नाही. पिठाच्या हाताने तिने भीमाचं मनगट धरलं आणि तिला ओढत मेसच्या बाहेर काढलं. भीमा म्हणत होती, "अगं, पोरीची परीक्षा हाय म्हनं! आन् भाकर करपंल!"  अंगण ओलांडून, जिना चढून ती तिला हिरड्यांच्या विभागात घेऊन गेली. निकिता तिथे आता इंटर्न होती. कडूबाईने भीमाला खुर्चीत बसवलं, दम खाल्ला आणि निकिताकडे बघितलं.

"आजच साफ कर हिला," ती म्हणाली. "आन् आदी दोन दांड्यांनी हलवून बघ."

निकिताने बघितलं. एक एक दात, सगळे. कडूबाई बाजूला उभी होती.

"हलत नाहीत, मावशी," निकिता म्हणाली. "एकही नाही."

कडूबाई तिथेच भिंतीला टेकून खाली बसली आणि पिठाचे हात तोंडाला लावून रडत राहिली.